साठा थोडा का, ते खरं सांगा: संक्रांतीच्या खुरासणी चिक्कीची जाहिरात लिहिताना

लोणावळ्याच्या बाजारात चिक्की बारा महिने मिळते. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे धावू लागली आणि पुढे मुंबई-पुण्याच्या प्रवाशांच्या पिशव्यांतून ही चिक्की घरोघर गेली. आज शेंगदाणा, तीळ, काजू, खोबरं, राजगिरा असं सगळं काचेच्या कपाटात कायम मांडलेलं असतं. अशा बाजारात एखाद्या दुकानाने ‘साठा मर्यादित, त्वरा करा’ अशी पाटी लावली तर गिऱ्हाईक ती वाचतं आणि पुढे जातं. पुढच्या शनिवारी आलो तरी हीच पाटी असणार, हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे ज्याचा माल खरोखर थोडा आहे, त्याचं काम अवघड होतं. त्याला नुसतं ‘थोडा आहे’ म्हणून भागत नाही. किती आहे आणि का थोडा आहे, हे पडताळून पाहता येईल अशा शब्दांत सांगावं लागतं.

ते कसं लिहायचं, हे एका उदाहरणातून पाहू. कान्हे फाट्याच्या बाजूला चिक्कीचा एक छोटा कारखाना आहे असं समजा. कारखाना आणि त्याचे आकडे उदाहरणापुरते, पण माल आणि मुलूख खरा. या कारखान्याला संक्रांतीसाठी एक वेगळी चव काढायची आहे: खुरासणी आणि तिळाची चिक्की.

खुरासणी म्हणजे कारळे. आंदर मावळात टाकव्यापासून वडेश्वर, खांडीकडे वर जाताना खाचरांत भात असतो आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, खुरासणी अशी पिकं येतात. पावसाळा सरता सरता खुरासणीची पिवळी फुलं दिसतात, दिवाळीनंतर काढणी होते, मग झोडपून, पाखडून दाणा घरात येतो. हे पीक मुळात कमी उत्पन्नाचं. हेक्टरी तीन-चार क्विंटल दाणा मिळाला तरी बरं म्हणायचं, आणि त्यातला काही घरच्या चटणीला आणि तेलाला राहतो. काढणी आणि संक्रांत यांच्यात फार दिवस मिळत नाहीत. ही सगळी माहिती कामाची आहे, पण जाहिरात तिच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते मालाच्या वहीपासून.

वहीत पहिली ओळ असेल ती आलेल्या मालाची. आपल्या उदाहरणात सहा शेतकऱ्यांकडून मिळून २१० किलो खुरासणी आली. ती तशीच कढईत जात नाही. दाणा बारीक आणि काळा असल्यामुळे त्याच आकाराचा खडा डोळ्याला दिसत नाही, दाताला मात्र लगेच कळतो. चाळून, पाखडून, पाण्यात रोळून, वाळवून घेतल्यावर उरली १८० किलो. भाजताना ओल गेली, थोडा दाणा करपला, आणखी नऊ किलो घटले. हातात राहिली १७१ किलो. एक किलो तयार चिक्कीत पाव किलो खुरासणी, पाव किलो तीळ आणि बाकी गूळ, असं प्रमाण ठरलं असेल तर १७१ किलोतून ६८४ किलो चिक्की होते. लाटून कापताना कडा निघतात, तुकडे पडतात. ते दहा टक्के धरले तर डब्यात भरण्याजोगी सुमारे ६१५ किलो उरते. २०० ग्रॅमचा डबा धरला तर ३,०७५ डबे. वरचे ७५ चवीला द्यायला आणि फुटका डबा बदलून द्यायला बाजूला ठेवायचे. विकायला आहेत ३,००० डबे.

हा आकडा जाहिरातीचा कणा आहे. तो लिहिणाऱ्याने मनाने ठरवायचा नसतो, वहीतून उचलायचा असतो. मालक म्हणाला, ‘हजार लिहा, लोक घाई करतील’, तर लिहिणाऱ्याने तिथेच थांबून वही मागावी.

आता दुसरा प्रश्न. माल थोडा आहे हे ठीक, पण नेमका कशाने अडला आहे? कारखान्यात अडवणाऱ्या गोष्टी अनेक असू शकतात: कच्चा माल, लाटणारे हात, कढया, टिकण्याची मुदत, छापलेले डबे. प्रत्येकीचा हिशोब वेगळा करून पाहावा. आपल्या कारखान्यात एका घाण्याला चार किलो चिक्की निघते आणि दिवसाला वीस घाणे होतात, म्हणजे ८० किलो. ६८४ किलोला नऊ दिवस पुरतात. २२ डिसेंबर ते ५ जानेवारी असे पंधरा दिवस हातात आहेत. याचा अर्थ हात अडलेले नाहीत. आणखी खुरासणी असती तर आणखी चिक्की झाली असती. म्हणून ‘कारागिरांनी हाताने लाटलेली, त्यामुळे मोजकीच’ हे वाक्य या मालाला लावता येणार नाही. चिक्की हाताने लाटलेली असेलही, पण ती मोजकी असण्याचं कारण ते नाही. दोन खऱ्या गोष्टी ‘त्यामुळे’ने जोडल्या की मधला दुवा खोटा पडू शकतो. अशा मजकुरात खोटेपणा बहुतेक वेळा याच वाटेने शिरतो, कारण लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द खरा वाटत असतो.

मग खुरासणीच थोडी आहे, असं लिहावं का? इथे तिसरा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो सगळ्यांत टोचणारा आहे: आणखी मिळाली असती का? उत्तर आहे, हो. ओडिशाच्या डोंगराळ भागात आणि मध्य प्रदेशात कारळ्याचं पीक मोठं आहे, आणि घाऊक बाजारातून पोती मागवता येतात. म्हणजे खुरासणी दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती या सहा शेतांची, याच हंगामातली. बाहेरचा दाणा घ्यायचा नाही, हे मालकाने ठरवलं आहे. हा त्याचा निर्णय आहे आणि तो चांगला निर्णय आहे. पण निसर्गाने घातलेली मर्यादा आणि आपण होऊन घातलेली मर्यादा यांत फरक आहे आणि मजकुरात तो दिसला पाहिजे. ‘आम्ही एवढीच घेतली’ असं लिहिणारा खरं बोलतो. ‘एवढीच मिळते’ म्हणणारा बोलत नाही, आणि कारळे विकणारा कोणताही वाणी त्याला उघडं पाडू शकतो.

या तीन उत्तरांशिवाय लिहायला बसलं की काय होतं, ते पाहा. असा मजकूर दर सणाला कुठे ना कुठे छापला जातो:

‘मावळच्या दऱ्याखोऱ्यांतून थेट तुमच्या घरी! दुर्मिळ खुरासणीची पारंपरिक, हातवळणीची चिक्की. यंदाच्या संक्रांतीला मोजक्या भाग्यवंतांसाठी. साठा मर्यादित, त्वरा करा!’

‘दुर्मिळ’चं वर झालंच. ‘पारंपरिक’ही टिकत नाही. मावळात खुरासणीची चटणी घरोघर आहे, पण ही चिक्की तुम्ही यंदा पहिल्यांदा काढता आहात. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनी ‘पारंपरिक’, ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘ताजे’ अशा शब्दांना अटी घातल्या आहेत. ते वाटेल तसे वापरायचे शब्द राहिलेले नाहीत. ‘मोजक्या भाग्यवंतांसाठी’ हे तर गिऱ्हाइकाला दारात ताटकळत ठेवण्यासारखं आहे. ज्याला डबा मिळणार नाही तो काय अभागी? आणि ‘मर्यादित’ म्हणजे किती, याचा पत्ताच नाही. एवढ्या मजकुरात चवीबद्दल एक अक्षर नाही, हा माझ्या मते सर्वांत मोठा दोष.

आता वहीसमोर बसून लिहिलेला मजकूर:

‘संक्रांतीसाठी खुरासणी-तिळाची चिक्की.
चटणीतली खुरासणी या वर्षी आम्ही गुळात घातली आहे. चिक्की काळी, पातळ आणि कुरकुरीत आहे. पहिल्या घासाला किंचित कडसर लागते, मग तीळ आणि गूळ येतो.
३,००० डबे केले आहेत. यंदा याहून जास्त होणार नाहीत. या चिक्कीसाठी आम्ही आंदर मावळातल्या सहा शेतकऱ्यांची याच हंगामातली खुरासणी घेतली, ती सगळी मिळून २१० किलो भरली. बाजारात बाहेरची खुरासणी मिळते, ती यात घातलेली नाही. तीळ आणि गूळ बाजारातून घेतले आहेत.
२०० ग्रॅमचा डबा १४० रुपये, सर्व करांसह. विक्री १ जानेवारीपासून. डब्यावरच्या तारखेपासून तीस दिवसांत खा. खुरासणीत तेल बरंच असतं, जुनी झाली की खवट लागते. याच कारखान्यात शेंगदाण्याची चिक्कीही होते.’

या मजकुरातले काही निर्णय उलगडून सांगण्याजोगे आहेत. चव आधी आली, साठा नंतर. माणूस आधी खावंसं वाटतं म्हणून घेतो. साठा थोडा आहे ही गोष्ट त्याला फक्त केव्हा घ्यायचं ते सांगते. ‘कडसर’ हा शब्द मालक काढायला सांगेल. तो ठेवण्यासाठी भांडावं. खुरासणीची चव सगळ्यांना आवडत नाही, लहान मुलांना तर बऱ्याचदा नाहीच. तीन हजार डबे ज्यांना ती चव आवडते त्यांच्याकडे गेले तर पुढच्या वर्षी ते स्वतःहून विचारत येतील. न सांगता विकलेला डबा अर्धा खाऊन कपाटात पडून राहतो.

‘यंदा’ हा शब्दही जपून घातलेला आहे. ‘पुन्हा कधीच नाही’ असं लिहायचा मोह होतो. पण चिक्की चांगली गेली तर पुढच्या संक्रांतीला तुम्ही ती करणार, हे तुम्हालाही माहीत आहे. मग जे आज पाळता येणार नाही ते लिहू नये.

तीळ आणि गूळ बाजारातले, ही ओळ अनेकांना उगाच वाटेल. ती नसली तर वाचणारा सगळी चिक्कीच आंदर मावळातली धरतो. तुम्ही तसं म्हटलेलं नसतं, पण त्याने तसं समजावं अशी सोय करून ठेवलेली असते. वजनाने पाऊण भाग चिक्की बाहेरच्या मालाची असताना गप्प राहणं योग्य नाही.

शेतकऱ्यांबद्दल एवढंच लिहिलं, कारण एवढंच सांगण्याची गरज आहे. आंदर मावळात ठाकर, कातकरी, महादेव कोळी समाजाची वस्ती आहे, आणि जाहिरातवाल्यांना अशा वेळी डोक्यावर पाटी घेतलेल्या म्हाताऱ्या आजीचा फोटो हवा असतो. त्या बाईला विचारलं का, तिची खुरासणी खरंच या डब्यात आहे का, या दोन्ही प्रश्नांना ‘हो’ नसेल तर फोटो लावू नये. ‘शेतकऱ्याला योग्य भाव’ हे वाक्यही तसंच पोकळ असतं. लिहायचंच असेल तर आकडा लिहा. केंद्राने २०२५-२६ साठी कारळ्याचा हमीभाव क्विंटलला ९,५३७ रुपये ठरवला आहे. तुम्ही किलोला किती दिलेत ते त्याशेजारी मांडा, म्हणजे वाचणारा स्वतः ठरवेल. मांडायची तयारी नसेल तर भावाचा विषय काढू नका.

मुदतीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माल थोडाच का करायचा याचं दुसरं खरं कारण तिथे आहे. खुरासणीचं तेल लवकर खवट होतं, आणि भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा लवकर. म्हणून ही चिक्की नोव्हेंबरपासून करून साठवता येत नाही आणि मार्चपर्यंत कपाटात ठेवताही येत नाही. तीस दिवस हा आकडाही अंदाजाने घालू नये. पहिल्या चाचणीच्या घाण्यातली काही पाकिटं नेहमीच्या कपाटात आणि काही भट्टीजवळच्या उबेला ठेवावीत, दर चार दिवसांनी एक फोडून वास घ्यावा आणि खावी. उबेतली आधी बिघडते, त्यावरून किती सावध राहायचं ते कळतं. जुन्या तेलाचा, रंगासारखा वास आला की ती गेली. कपाटातली ज्या दिवशी बदलली त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापावी, आणि शंका असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. जाहिरातीतली मुदत आणि पाकिटावर छापलेली मुदत जुळलीच पाहिजे.

हाच मजकूर दुकानाच्या पाटीवर मावणार नाही. लोणावळ्यात पाटी वाचणारा माणूस हातात पोराचं बोट धरून चालता चालता वाचतो. त्याच्यासाठी तीन ओळी पुरतात: ‘खुरासणी-तीळ चिक्की. किंचित कडसर. सहा शेतांची २१० किलो खुरासणी, तिचे ३,००० डबे.’ व्हॉट्सॲपवर जुन्या गिऱ्हाइकांना पाठवताना चव, आकडा, कारण, किंमत आणि मागणी कशी नोंदवायची एवढंच ठेवावं. छोट्या मजकुरातून काय गाळायचं हे ठरवताना एक पथ्य पाळावं: आकडा ठेवला तर कारणही ठेवायचं. कारणाला जागा नसेल तर आकडाही काढावा आणि नुसती चव सांगावी. कारणाशिवायचा आकडा म्हणजे पुन्हा ती ‘त्वरा करा’ची पाटीच.

कायद्याची बाजूही थोडक्यात माहीत असावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला ओढून आणायला जाहिरात केली आणि त्या किमतीला पुरेसा माल देण्याची शक्यताच नव्हती, तर ते त्यांत बसत नाही. मागणीपेक्षा साठा कमी पडणार असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांचे तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतला पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा आहे: साठा असताना ‘शेवटचे दोनच’ दाखवणं, किंवा मुदत संपत नसताना घड्याळ उलटं पळवणं. लहान कारखानदाराने वेबसाइट दुसऱ्याकडून बनवून घेतली असेल तर त्यात असं घड्याळ आपोआप बसवलेलं नाही ना, हे स्वतः उघडून पाहावं.

मजकूर छापून गेला की काम संपत नाही, कारण काउंटरवर तोच मजकूर तोंडी बोलला जातो. गिऱ्हाईक विचारणारच, ‘काय हो, खरंच संपणार का?’ विक्रीवर बसलेल्या मुलाला वहीतलं उत्तर माहीत हवं: ‘हो साहेब, तीन हजारच केलेत, आज सकाळी अकराशे शिल्लक होते. खुरासणी संपली, म्हणून पुढे करणार नाही. आधी चव बघा, कडसर असते.’ त्याला हे सांगितलं नसेल तर तो आपल्या मनाने ‘शेवटचा आहे, घेऊन टाका’ म्हणेल आणि महिन्याची मेहनत एका वाक्यात जाईल. शिल्लक डब्यांचा आकडा रोज सकाळी पाटीवर खडूने बदलावा. तो हळू उतरत असेल तरी बदलावा.

मध्येच एखादा शेतकरी आणखी चाळीस किलो खुरासणी घेऊन आला तर? घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण तीन हजारांच्या आकड्यावर भरवसा ठेवून ज्यांनी घाईने डबे नेले त्यांना ते कळलं पाहिजे. पाटीवर आणि संदेशात लिहावं: ‘३,००० हून जास्त डबे होणार नाहीत असं म्हटलं होतं. सातव्या शेतकऱ्याकडून ४० किलो खुरासणी नंतर आली, त्यामुळे आणखी ५५० डबे होत आहेत. ते या वर्षीचे शेवटचे.’ हिशोब मघाचाच लावला तर ४० किलोतून सुमारे ५८५ डबे निघतात, त्यांतले काही बदलीसाठी ठेवून ५५० लिहिले आहेत.

आणि माल उरला तर? १४ जानेवारी गेली आणि चारशे डबे कपाटात राहिले, असं होऊ शकतं. ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ ही ओळ अशा वेळी आपोआप सुचते. लोकांनी आग्रह केला असता तर डबे उरलेच नसते, हे वाचणाऱ्याला समजतं. त्याऐवजी असं लिहावं: ‘संक्रांतीच्या खुरासणी चिक्कीचे ४०० डबे शिल्लक आहेत. ३० जानेवारीच्या आत खाऊन संपवायला हवी, म्हणून आता डबा १०० रुपयांना.’ तारीख उरलेल्या डब्यांतल्या सर्वांत जुन्या डब्याची घ्यावी, नव्याची नव्हे. ती उलटल्यावर जे राहतील ते विकू नयेत, आणि किती टाकावे लागले ते वहीत मांडावं. पुढच्या नोव्हेंबरमध्ये किती खुरासणी उचलायची, हे त्या ओळीवरून ठरवता येईल.